दोष न्यूट्रलचा, शिक्षा खड्ड्याला

सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ या दोन भोकांत मल्टिमीटरच्या पिना घातल्या आणि आकडा पाच-सहा व्होल्ट आला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अर्थिंग गेलंय साहेब." यूपीएस बसवायला आलेला मुलगा हे म्हणतो, एक्स-रे किंवा रक्ततपासणीचं यंत्र लावायला आलेला कंपनीचा इंजिनिअर हे म्हणतो, आणि ते ऐकून सोसायटीचा सेक्रेटरीही तेच म्हणू लागतो. त्यानंतर पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा खणला जातो, त्यात इलेक्ट्रोड उभा राहतो, पिशवीतली काळी पूड ओतली जाते आणि बिल येतं. आकडा मात्र बहुतेक वेळा होता तिथेच राहतो.

या निकालाला माझा आक्षेप आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट सहसा अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाहीत. ते न्यूट्रलबद्दल सांगतात: ती वायर किती लांब आहे, किती बारीक आहे, तिच्यावरचे जोड कसे आहेत, आणि त्या एका वायरवर किती जणांचा भार लोटला आहे. माहिती मोलाची आहे, म्हणूनच ती चुकीच्या खात्यावर लिहिली जाते याचा राग येतो.

मीटर नेमकं काय मोजतो ते आधी पाहू. आपल्या रस्त्याकडेला जी डीपी असते, तिच्यातल्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच जमिनीला जोडलेला असतो. तिथून तो खांबांवरच्या तारेने किंवा जमिनीखालच्या केबलने इमारतीत येतो, मीटरमधून डीबीत जातो आणि डीबीतून सॉकेटपर्यंत पोचतो. उपकरणात फेजने गेलेला करंट याच वाटेने परत जातो. वायर तांब्याची असली तरी तिला थोडा रेझिस्टन्स असतोच. त्यामुळे करंट वाहत असताना न्यूट्रलचं सॉकेटकडचं टोक डीपीकडच्या टोकापेक्षा काही व्होल्ट वर उचललं जातं. अर्थच्या वायरमधून नेहमीच्या स्थितीत करंट वाहत नाही, म्हणून ती सगळी लांबीभर जमिनीच्याच पातळीवर राहते. मीटरची एक पिन उचललेल्या टोकावर, दुसरी न उचललेल्या वायरवर. दिसणारा आकडा म्हणजे डीपीपासून सॉकेटपर्यंत न्यूट्रलमध्ये झालेली व्होल्टेजची घट, दुसरं काही नाही.

आकड्यात सांगायचं तर अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे सुमारे ०.००७४ ओहम असतो. डीबीपासून २० मीटरवरच्या सॉकेटला २ किलोवॅटचा हीटर लावला, की ८.७ अँपिअर वाहतात आणि एकट्या न्यूट्रलमध्ये साधारण १.३ व्होल्ट पडतात. तीच वायर दीड एमएमची असेल तर २.१ व्होल्ट. यात कुठेही दोष नाही, कुणी लबाडी केलेली नाही. तांबं असंच वागतं.

आता खड्ड्याकडे वळू. घराचा अर्थ पिट उत्तम असेल आणि त्याचा रेझिस्टन्स २ ओहम असेल, किंवा उन्हाळ्यात वाळून तो २०० ओहम झाला असेल. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स व्होल्ट मोजताना सुमारे १ कोटी ओहम असतो. त्या १ कोटीच्या मालिकेत २ ओहम आहेत की २००, याने पडद्यावरच्या शेवटच्या आकड्यालाही फरक पडत नाही. म्हणजे अतिशय वाईट खड्डा असूनही मीटर तेच सहा व्होल्ट दाखवील, आणि नवा कोरा खड्डा खणल्यावरही तेच सहा. खड्डा वाईट आहे की चांगला हे या मापनातून कळतच नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर असतो, दूरवर सळ्या ठोकून घ्यायचं मापन असतं. ते करायला जागा आणि वेळ लागतो, आणि सॉकेटात पिना खुपसायला दहा सेकंद लागतात. 

अर्थिंगला दोष देणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. पहिली अशी की अर्थची पिन कुठेच जोडलेली नसेल, तर तरंगत्या वायरवर मीटर काहीही दाखवतो. कधी दहा, कधी चाळीस, आणि त्याच सॉकेटवर एखादा संगणक लावलेला असेल तर फेज-न्यूट्रलच्या निम्म्याच्या आसपास. दुसरी अशी की एखाद्या जुन्या गीझरमधून किंवा पंपातून खरोखर गळती होत असेल आणि खड्डाही वाईट असेल, तर गळतीचा करंट त्या खड्ड्यातून जाताना अर्थलाच उचलतो. ३० मिलीअँपिअर गळती आणि १०० ओहमचा खड्डा मिळून ३ व्होल्ट होतात. पण ही प्रकरणं ओळखू येतात. त्यांचा आकडा इमारतीतल्या भारासोबत चढत-उतरत नाही. गळतं उपकरण काढलं की तो पडतो, किंवा तरंगत्या वायरच्या बाबतीत मीटरची पिन हलवली तरी बदलतो. शिवाय ३० मिलीअँपिअरचं चालू स्थितीतलं आरसीसीबी असतं, तर एवढी गळती त्याने टिकूच दिली नसती. अशी प्रकरणं आहेत म्हणून प्रत्येक पाच व्होल्टांवर खड्डा हे उत्तर होत नाही.

दुसरा प्रश्न, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट चालतात त्या मर्यादेचा. कुणी दोन सांगतं, कुणी तीन, काही जण एकावर अडून बसतात. हे आकडे उपकरण विकणाऱ्यांच्या जागा-तयारीच्या पत्रकांत असतात आणि तिथून ते वायरमनच्या तोंडी येतात. वायरिंगचा नियम काय म्हणतो ते पाहिलं तर मजा वाटते. आयएस ७३२ या भारतीय मानकात, सार्वजनिक पुरवठ्यावरच्या जोडणीत, पुरवठा घेण्याच्या जागेपासून उपकरणापर्यंत दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के घट चालते. २३० व्होल्टचे ५ टक्के म्हणजे ११.५ व्होल्ट. एका फेजच्या सर्किटात जाणारी आणि येणारी वायर सारखीच असते, त्यामुळे निम्मी घट न्यूट्रलच्या वाट्याला येते: पावणेसहा व्होल्ट. म्हणजे नियमात चोख बसणारी वायरिंग पूर्ण भारावर लांबच्या सॉकेटला पावणेसहा व्होल्ट दाखवू शकते, आणि त्याच वायरिंगला दोन व्होल्टच्या पत्रकाने नापास करता येतं.

"पण संगणकाला त्रास होतो," असं सांगितलं जातं. कसा, ते मात्र कुणी सांगत नाही. संगणकाचा पॉवर सप्लाय फेज आणि न्यूट्रल यांच्यात जोडलेला असतो आणि अर्थ त्याच्या पत्र्याला. मध्ये थोडे छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यातले फेजकडचे तर सदैव २३० व्होल्ट सोसतात. न्यूट्रलकडच्यांना सहा व्होल्ट मिळाले म्हणून काय बिघडणार आहे? जर्मनीतला घरगुती प्लग दोन्ही बाजूंनी घालता येतो. तिथल्या निम्म्या घरांत संगणकाची जी पिन आपण न्यूट्रल म्हणू, ती अर्थपासून २३० व्होल्टवर असू शकते. तिथले संगणक त्याने जळत नाहीत. दोन यंत्रं दोन वेगळ्या अर्थांवर असून सिग्नलच्या केबलने जोडलेली असतील, तर त्या दोन अर्थांमधला फरक खरंच त्रास देतो. पण तो अर्थ आणि अर्थ यांच्यातला फरक आहे, त्याचं न्यूट्रलशी देणंघेणं नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या साऱ्याचं गणित एका जागी दिसतं. पुण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तीन फेजचं मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, तिथून सुमारे ३५ मीटरची चार स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल वर डीबीपर्यंत. रक्ततपासणीचं नवं यंत्र आलं. कंपनीच्या इंजिनिअरने सॉकेटवर ६.८ व्होल्ट मोजले, अर्थिंग खराब असल्याचा शेरा लिहिला आणि यंत्र खोक्यातच ठेवून तो गेला. डॉक्टरांनी सोसायटीची परवानगी काढली, दोन खड्डे झाले, तिथून पट्टी तिसऱ्या मजल्यावर आली. आकडा ६.८.

मला बोलावलं ते त्यानंतर. दुपारची वेळ होती, लॅब भरात चालू होती, आणि ते चांगलंच झालं. नव्या अर्थच्या पट्टीला मीटरची एक पिन लावून धरली आणि दुसरी न्यूट्रलवर एकेक पायरी पुढे नेत गेलो. मीटर रूममध्ये न्यूट्रल १.२ व्होल्टवर होता, म्हणजे डीपीपासून मीटरपर्यंतच्या तारेत एवढं पडत होतं. वरच्या डीबीत केबलच्या लगवर ४.३. त्या लगला बोटभर अंतरावर जोडलेल्या न्यूट्रल लिंकच्या पट्टीवर ५.४. आणि सॉकेटला ६.८. ज्याने कुणी आधीच या चार जागा तपासल्या असत्या, त्याला खड्डा खणायची गरज पडली नसती. केबलमध्ये ३.१ व्होल्ट, एका जोडात १.१, डीबी ते सॉकेट १.४. खड्ड्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नव्हतं.

मग टोंग टेस्टर. आर फेजवर २२ अँपिअर, वायवर ९, बीवर ६. सगळे एसी एका फेजवर होते, कारण ते वेगवेगळ्या वर्षी लागले आणि प्रत्येक वेळी ज्याने लावले त्याला आर फेजवर एमसीबीची जागा मोकळी दिसली. तीन फेजचे करंट सारखे असतील तर ते न्यूट्रलमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. सारखे नसतील तर उरलेला भाग न्यूट्रलमधून वाहतो, आणि या तीन आकड्यांवरून तो साडेचौदा-पंधरा अँपिअर यायला हवा. टोंग टेस्टर न्यूट्रलभोवती धरल्यावर आला १९. चार अँपिअर जास्त कुठून? संगणक, यूपीएस, एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी ही सगळी मंडळी करंट सरळ लहरीत घेत नाहीत, ठोक्याठोक्याने घेतात. त्या ठोक्यांत १५० हर्ट्झचा जो भाग असतो, तो तीन फेजचा असला तरी न्यूट्रलमध्ये खाऊन जात नाही, बेरीज होऊन बसतो. इथे तो बारा अँपिअरच्या आसपास होता. पंधरा आणि बारा यांचा मेळ वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचा असल्याने सरळ बेरजेने होत नाही, वर्गांच्या बेरजेने होतो, आणि येतात १९.

केबलचा रेझिस्टन्स ३५ मीटरला ०.१६ ओहम. त्याला १९ ने गुणलं की ३ व्होल्ट झाले. मोजमाप आणि हिशेब जुळतात. डीबी ते सॉकेटच्या १.४ व्होल्टचंही कोडं सुटलं. नवं यंत्र अजून लागलेलंच नव्हतं, मग त्याच्या वायरमध्ये घट कशी? कारण ती वायर त्याची एकट्याची नव्हती. शेजारच्या खोलीतला एसी आणि डीप फ्रीझर यांचा न्यूट्रल कुणीतरी याच वायरवर लूप केला होता, आणि त्यांचे साडेदहा अँपिअर या सॉकेटवरून परतत होते.

सर्वांत गंभीर आकडा सर्वांत लहान होता. त्या एका जोडात १.१ व्होल्ट, आणि त्यातून १९ अँपिअर. गुणाकार २१ वॉट. वायरमनच्या पेटीतलं सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढंच असतं, आणि ते प्लास्टिकच्या पेटीत दिवसभर चालू ठेवायची कल्पना कुणी करणार नाही. लग नीट क्रिम्प केलेला नव्हता, वायरचं इन्सुलेशन काळं पडून कडक झालं होतं. दोन खड्ड्यांच्या बिलावर सही झाली तेव्हाही हे तापतच होतं.

लग बदलला, क्रिम्प केला, स्क्रू आवळले. एसी तीन फेजवर वाटले, करंट १३, १२, १२ झाले. यंत्राच्या सर्किटला डीबीपासून स्वतःचा न्यूट्रल ओढला. न्यूट्रलमध्ये आता मुख्यतः ते १५० हर्ट्झचे बारा अँपिअर उरले. सॉकेटवरचा आकडा ६.८ वरून २.८ वर आला, आणि इंजिनिअर म्हणाला, "दोनच्या आत हवा." त्याला मी आणखी एक आकडा दाखवला, दुरुस्तीच्या आधी रात्री लॅब बंद झाल्यावर घेतलेला. तेव्हा फक्त फ्रीझर चालू होता आणि सॉकेटवर ०.६ व्होल्ट होते. म्हणजे तापणारा जोड, एका फेजवर कोंबलेले एसी आणि लूप केलेला न्यूट्रल हे सगळं जसंच्या तसं असताना, तो रात्री आला असता तर त्याच्या पत्रकात हीच वायरिंग पास झाली असती. तीच वायरिंग दुरुस्त झाल्यावर दुपारी नापास होत होती. ज्या मापनाबरोबर भार किती होता हे लिहिलेलं नाही, त्याची किंमत एवढीच.

शेवटी कंपनीने आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची अट घातली, तो लागला, आणि आकडा शून्याजवळ गेला. ट्रान्सफॉर्मर वाईट वस्तू आहे असं मी म्हणत नाही. तो आपल्या बाहेरच्या बाजूला नवा न्यूट्रल तयार करतो, तो तिथेच अर्थला जोडतात, आणि मागच्या केबलमधली घट यंत्राला दिसेनाशी होते. पण दिसेनाशी होणं म्हणजे नाहीशी होणं नव्हे. तोच ट्रान्सफॉर्मर पहिल्या दिवशी लागला असता, तर आकडा तेव्हाही शून्य आला असता आणि डीबीतला जोड तसाच भाजत राहिला असता.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना उत्तर द्यायला हवं. "चार-पाच व्होल्टांनी काय होतंय, सोडून द्या," असं म्हणणारे अनुभवी वायरमन आहेत, आणि वरचं सगळं वाचून ते खूश झाले असतील. यंत्राला काही होत नाही, हे खरं. पण न्यूट्रल सांभाळणारं कुणी नसतं, ही गोष्ट ते विसरतात. घराच्या डीबीत बहुतेक एमसीबी फक्त फेज तोडतात. तीन सर्किटांना तीन एमसीबी आहेत, प्रत्येकावर १० अँपिअर चालू आहेत, आणि वायर वाचवायला तिघांचा न्यूट्रल अडीच एमएमच्या एकाच वायरवर लूप केला आहे. तिन्ही सर्किटं एकाच फेजवर असतील, फ्लॅटमध्ये ती असतातच, तर करंट खाऊन जात नाहीत, सरळ बेरीज होते. न्यूट्रलमध्ये ३० अँपिअर. कुठलाही एमसीबी पडणार नाही, कारण कुणाच्याच वाट्याला दहापेक्षा जास्त आलेले नाहीत. भिंतीतली ती एक वायर वर्षानुवर्षं तापत राहील आणि तिची बातमी देणारी एकच गोष्ट असेल: सॉकेटवरचे हे काही व्होल्ट. घरात इन्व्हर्टर बसवताना एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडून देण्याची खोड याच जातीची.

आणि न्यूट्रल पूर्ण तुटला तर? तीन फेजच्या इमारतीत सामाईक न्यूट्रल सुटला, की दोन फेजवरचे दोन फ्लॅट ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडले जातात. समजा एका घरात गीझर चालू आहे, २ किलोवॅट, आणि दुसऱ्यात टीव्ही, फ्रिज, पंखे मिळून ५०० वॉट. भाराच्या रेझिस्टन्सप्रमाणे वाटणी होते. गीझरवाल्याला ८० व्होल्ट मिळतात, टीव्हीवाल्याला ३२०. पावसाळ्यात एखाद्या इमारतीत एकाच संध्याकाळी चार टीव्ही जळतात त्यामागे हेच असतं, आणि लोक ते वीज पडली म्हणून सांगतात. असा जोड एका रात्रीत सुटत नाही. आधी तो सैल होतो, काळवंडतो, आणि त्या काळात न्यूट्रल-अर्थचा आकडा वाढतो आणि भार तोच असतानाही हेलकावे खातो. सोडून द्या म्हणतात तो आकडा हा.

सगळ्यांत वाईट इलाज मात्र तिसराच आहे, आणि तो फुकट असल्याने सर्रास चालतो. सॉकेट उघडायचा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकायचा, आकडा शून्य. इंजिनिअर खूश, मालक खूश. या माणसाने काय केलं ते नीट समजून घ्या. मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, तर यंत्राचा परतीचा करंट त्या तुकड्यावरून अर्थच्या वायरमध्ये उतरतो. खड्डा २० ओहमचा आहे आणि भार २ किलोवॅटचा, असं धरा. अर्थची वायर जमिनीपासून जवळपास १०० व्होल्ट वर जाते. त्या वायरला फक्त हे यंत्र नसतं. फ्रिजचा दरवाजा, गीझरची टाकी, वॉशिंग मशीनचा पत्रा, ज्याला ज्याला अर्थिंग केलं आहे तो प्रत्येक पत्रा त्या १०० व्होल्टवर असतो. एमसीबी पडत नाही, कारण करंट पाच अँपिअरच आहे. आरसीसीबी असेल तर तुकडा टाकताच ते पडू लागतं, आणि मग तेच काढून टाकलं जातं, "सारखं ट्रिप होतंय" म्हणून. न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड डीपीत असतो, किंवा ज्या इमारतीला अथवा यंत्राला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे तिथे त्याच्यापाशी. सॉकेटात, डीबीत किंवा यूपीएसच्या मागे तो कुणी करत असेल, तर त्याला काम थांबवायला सांगा. म्हणून भार चालू असताना लांबच्या सॉकेटवर ठणठणीत शून्य आलं, तर मी पाच व्होल्टांपेक्षा जास्त घाबरतो.

मग मोजायचं कसं? भार बदलून, आणि एकाच वेळी दोन आकडे पाहून. सॉकेटला काही न लावता फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही लिहून घ्या. या रिकाम्या अवस्थेत न्यूट्रल-अर्थला जे दिसतं ते दुसऱ्यांचं असतं: सामाईक केबलचं, गल्लीतल्या तारेचं किंवा लूप केलेल्या शेजाऱ्याचं. मग त्याच बोर्डवर २ किलोवॅटचा हीटर लावा आणि पुन्हा लिहा. समजा फेज-न्यूट्रल २२८ वरून २२४.५ वर आला, म्हणजे साडेतीन व्होल्ट घटला, आणि न्यूट्रल-अर्थ १.७ ने वाढला. निम्मं-निम्मं वाटलं गेलं, वायरिंग सरळ आहे. पण फेज-न्यूट्रल साडेआठने पडला आणि त्यातले साडेपाच एकट्या न्यूट्रलने खाल्ले, तर न्यूट्रल फेजपेक्षा बारीक आहे किंवा त्याच्यावरचा एखादा जोड सैल आहे. जोड शोधायला लॅबमध्ये केलं तेच, पायरीपायरीने. मीटरवर हर्ट्झ दाखवायची सोय असेल तर तेही पाहा. ५० आला तर भाराची वाटणी बिघडली आहे किंवा न्यूट्रल लूप केलेला आहे, १५० आला तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा करंट न्यूट्रलवर साचतो आहे, आणि तिथे एसी फेजवर वाटून उपयोग नाही, न्यूट्रल जाड करावा लागतो. डीबी आणि मीटर रूम उघडायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

यापुढे तुमच्याकडे कुणी नुसता "सहा व्होल्ट" असा शेरा लिहून खड्ड्याचं कोटेशन देईल, तेव्हा त्याला दोन गोष्टी विचारा: मोजलं तेव्हा न्यूट्रलमध्ये किती अँपिअर होते, आणि मीटर रूमपासून सॉकेटपर्यंत ते सहा व्होल्ट कुठे कुठे पडत होते. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.